अण्णांची मांजर उशाकडून पायथ्याशी कशी गेली

माझे सासरे आत्माराम मांडवकर यांना मीरा रोडच्या शांती नगरात सगळे अण्णा म्हणतात. भाजीवाला भय्यासुद्धा अण्णाच म्हणतो, आणि अण्णाही त्याच्याशी त्यांच्या खास हिंदीत बोलतात, ज्यात क्रियापद नेहमी गुहागरचं असतं. हाटकेशमधल्या एका गाळ्यात प्लास्टिकचे डबे बनायचे, तिथे त्यांनी उभा जन्म काढला. मशीन गरम आहे का ते हात न लावता सांगायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी अनुष्काला, म्हणजे माझ्या मुलीला, सांभाळायचं काम आपण होऊन घेतलं. मी भाईंदरला एका पतपेढीत नोकरी करते ती या माणसाच्या जिवावर. अनुष्का तीन महिन्यांची होती तेव्हापासून तिचं दूध, शी-शू, बालवाडी, सगळं त्यांनी केलं आणि एकदाही मला ऐकवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी बरंच वाकडं बोलणार आहे.

सासूबाई गेल्या आणि अण्णांची झोप गेली. रडणं वगैरे त्यांना जमत नाही. दिवसभर ते हसतखेळत असायचे, अनुष्काला शाळेत सोडायचे, बिल्डिंगच्या सेक्रेटरीशी पाण्याच्या टाकीवरून भांडायचे. पण सकाळी डोळे लाल. विचारलं तर म्हणायचे, नाइट शिफ्टची सवय आहे. रिटायर होऊन इतकी वर्षं झाल्यावर ही कसली नाइट शिफ्ट! डॉक्टरांनी गोळी दिली, ती घेऊन ते दिवसभर पेंगायला लागले. साखरेचा आजार आधीच होता, तो बळावला. माझा नवरा दिपेश मनातून घाबरला होता. बापाला असं सुकताना बघणं त्याला झेपत नव्हतं.

अशात मांजर आली. एका थंडीत मागच्या बाल्कनीच्या पाइपवरून चढून आलेलं ते पिल्लू होतं, पांढरं, काळं आणि तांबूस अशा ठिपक्यांचं. अनुष्काने तिचं नाव पापडी ठेवलं. पापडीने घर फिरून पाहिलं, सोफा नापसंत केला, माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि सरळ अण्णांच्या पलंगावर जाऊन सासूबाईंच्या रिकाम्या उशीवर बसली. दुसऱ्या दिवशी अण्णा सात वाजले तरी उठले नव्हते. मी डोकावले तर पापडी त्यांच्या मानेला चिकटून गाढ झोपलेली, तिची शेपटी त्यांच्या नाकाखाली मिशीसारखी, आणि अण्णा घोरत होते. ते घोरणं ऐकून दिपेशने मला दाराबाहेर ओढलं आणि म्हणाला, काही बोलू नकोस.

मी बोलले नाही. पण मला ते पटलं होतं असं कुणी समजू नये. स्वच्छतेच्या बाबतीत मी खडूस आहे, हे माझ्या माहेरचेही मान्य करतात. जी पावलं मातीच्या डब्यात खरवडतात तीच उशीवर ठेवायची, जी जीभ अंग चाटते तीच माणसाच्या गालावर, हे मला बघवत नव्हतं. अण्णांना म्हटलं की ते म्हणायचे, ती माझ्यापेक्षा जास्त वेळ अंघोळ करते. मी त्यांच्या उशीचा अभ्रा रोज बदलायचा एवढा नियम केला आणि गप्प बसले. त्यांना झोप लागत होती ना, मग देवाचे आभार मानायचे की मांजरीचे, या वादात मी पडले नाही.

मे महिन्यात अण्णा मफलर घालून फिरू लागले.

आता मीरा रोडचा मे महिना. पंखा गरम हवा फेकतो, बादलीतलं पाणी सकाळीच कोमट झालेलं असतं, आणि हा माणूस गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळून वरण-भात जेवतोय. विचारलं तर घसा धरलाय म्हणाले. घसा धरलेला माणूस गाणी म्हणत कपडे वाळत घालत नाही. मी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी ते दाढी करत असताना मफलर खुंटीवरून काढून धुवायला टाकला.

कानाखालून मानेपर्यंत एक मोठं लालसर कडं होतं. कडेला खवले, मधे जरा साफ. त्याच्या आत आणखी एक कडं. गजकर्ण. आमच्याकडे गजकर्ण दिसलं की डॉक्टरकडे कुणी जात नाही, मेडिकलवाल्याकडे जातात, आणि तो न विचारता एक ट्यूब काढून देतो. अण्णांनीही तेच केलं होतं. चार दिवस लावली की खाज थांबायची, लाली उतरायची, ट्यूब बंद केली की कडं आधीपेक्षा मोठं. असा त्यांचा महिनाभर लपंडाव चालला होता. लपवलं का, हे त्यांना विचारायची गरजच नव्हती. माझ्या तोंडून पहिलं नाव कुणाचं निघणार ते त्यांना माहीत होतं.

त्याच आठवड्यात अनुष्काच्या दंडावर रुपयाएवढं कडं उठलं.

त्वचेच्या डॉक्टरांनी दोघांनाही एकत्र तपासलं. अण्णांची ट्यूब हातात घेऊन त्यांनी सांगितलं की हिच्यात स्टेरॉइड आहे, त्याने लाली झाकली जाते आणि आतली बुरशी मोकाट वाढते, म्हणून ही ताबडतोब बंद. अण्णांना पोटातून गोळ्या, अनुष्काला फक्त लावायचं मलम, आणि दोघांनाही बरं दिसलं तरी डॉक्टर सांगतील तोपर्यंत औषध थांबवायचं नाही. मग त्यांनी विचारलं, घरात मांजर आहे का, लहान आहे का, कुठे झोपते. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनाकडे बघितलं.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं की मांजर जाणार. माझा आवाज चढला होता. पोरीच्या अंगावर आलं होतं, मी आवाज का खाली ठेवू? दिपेश मधे काही बोलायला गेला, त्यालाही मी गप्प केलं. अण्णा एवढंच म्हणाले की उत्तनजवळ चौक गावात रामू आहे. रामू त्यांच्या गाळ्यातला जुना सोबती, आता गावी मासळीच्या धंद्यात मुलाला मदत करतो. आमच्याकडची ही रीतच आहे. मांजर नकोशी झाली की पोत्यात घालायची आणि कोळीवाड्यात नेऊन सोडायची. मासळी खाऊन मजेत राहील असं एकमेकांना सांगायचं आणि परत यायचं. अण्णांनी स्वतः पोतं शोधलं, झटकलं, उलटं करून बघितलं. मग ते बाजूला ठेवून जाळीची भाजीची टोपली घेतली, पापडीला आत बसवलं आणि उत्तनची बस पकडायला गेले. अनुष्का दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळी ते परत आले. एका हातात बोंबलांची पिशवी, दुसऱ्या हातात टोपली, आणि टोपलीतून पापडी माझ्याकडे नेहमीच्याच तुच्छतेने बघत होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी टोपली मागच्या बाल्कनीत ठेवली, दार लावलं, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. रामूने टोपलीत डोकावून बघितल्याबरोबर सांगितलं होतं, "अण्णा, सोडाल तं सोडा, पन ही घरातली मांजर हाय. हितल्या बोक्यांत चार दिस टिकायची न्हाय."

"संजना," अण्णा म्हणाले, "तुझं बरोबर आहे. माझ्यामुळे पोरीला झालं. तू सांगशील ते सगळं करतो. धुणं, पुसणं, सगळं. तिला औषध देऊन बरी होते का बघू. नाही झाली तर मी परत नेतो, आणि मग तुला विचारणारपण नाही."

तीस वर्षं हाताखाली माणसं ठेवलेला माणूस सुनेसमोर असा उभा राहिला. माझा राग अजून उतरला नव्हता. मी फक्त म्हटलं, बोंबील फ्रीजमध्ये ठेवा.

प्राण्यांच्या डॉक्टर दिव्या आमच्या सेक्टरच्या मागेच बसतात. त्यांनी खोलीतला दिवा घालवून एका जांभळट उजेडाच्या दिव्याखाली पापडीला धरलं. तिच्या कानामागचे काही केस हिरवट चमकले. त्या म्हणाल्या की दरवेळी असं चमकतंच असं नाही, म्हणून केस लॅबला पाठवू, पण औषध आजच सुरू करू. तोंडातून द्यायचं औषध, आठवड्यातून दोनदा औषधी पाण्यात बुडवून काढायचं, आणि लॅबचा रिपोर्ट दोनदा साफ येईपर्यंत मांजर एकाच पुसता येणाऱ्या जागेत. तिला सोडून दिली असती तर तिथल्या मांजरांना आणि पोरांनाही झालं असतं, हेही त्यांनी सहज सांगितलं. ही बुरशी गळलेल्या केसांवर महिनोन् महिने जिवंत राहते, तेव्हा खरी लढाई मांजरीशी नाही, घराशी आहे.

त्या लढाईत मी अण्णांना नव्याने ओळखलं. मागच्या बाल्कनीला जाळी मारून घेतली, तिथे पापडी. अण्णा आत जाताना जुना सदरा चढवायचे, बाहेर आले की तो वेगळ्या बादलीत. औषधाच्या अंघोळीला सडक्या अंड्यांचा वास यायचा, शेजारच्या शहा वहिनींनी गॅस लीक झाला का म्हणून दोनदा बेल मारली. अण्णांची चादर, अभ्रे, टॉवेल आम्हा बाकीच्यांच्या कपड्यांत कधी मिसळले नाहीत. गरम पाण्यातून काढून कडक उन्हात. झाडू मारला तर केस उडतात म्हणून ते ओल्या फडक्याने कोपरान् कोपरा टिपायचे, मग ब्लीच टाकलेल्या पाण्याने फरशी. या वयात गुडघ्यावर बसून. मी मोलकरणीला सांगते म्हटलं तर म्हणाले, तिच्या घरी पोरं आहेत.

एका सकाळी त्यांनी सासूबाईंची उशी कचऱ्याच्या पिशवीत घातली. गावच्या सावरीच्या कापसाची उशी होती, धुवून टिकणारी नव्हती. पापडी तिच्यावरच झोपायची, म्हणजे ती ठेवून चालणारच नव्हतं. मला ते कळत होतं, पण बोलायचा धीर झाला नव्हता. दोन गाठी मारून ते म्हणाले, "सुलू असती तर तिने पहिल्याच दिवशी टाकली असती. ती तुझ्यासारखीच होती." सासूबाईंशी माझं फार कधी जमलं नव्हतं. तरी त्या दिवशी पतपेढीत बसून मला हे वाक्य परत परत आठवत राहिलं, आणि बरं वाटत राहिलं.

फक्त झोप पुन्हा गेली. पापडी बाल्कनीत, अण्णा खोलीत, आणि सकाळी डोळे लाल. त्यांनी तक्रार केली नाही. मीच चिडचिड करायचे, कशावर ते मलाही सांगता आलं नसतं.

पावसाळा अर्धा सरला तेव्हा कुठे सगळं निवळलं. अनुष्काचा दंड लवकर साफ झाला होता, अण्णांच्या मानेला वेळ लागला, पण तीही स्वच्छ झाली. पापडीचे दोन्ही रिपोर्ट चांगले आले. दिव्या डॉक्टरांकडे मी खास प्रश्न घेऊन गेले होते. मला वाटलं होतं त्या एकतर मला नावं ठेवतील नाहीतर अण्णांना. त्यांनी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. म्हणाल्या, मांजर खोलीत झोपली म्हणून काही बिघडत नाही, घरातच राहणारी, लस टोचलेली, जंताचं आणि पिसवांचं औषध वेळच्या वेळी मिळणारी मांजर पलंगावर पायाशी झोपली तरी चालेल. तिची वेगळी चादर असू दे, आठवड्याला गरम पाण्यात धुवा. तिचा मातीचा डबा रोज साफ करा आणि नंतर हात धुवा. पण तोंडाशी नको, उशीवर नको. तोंड चाटू देऊ नका, जखमेला तर मुळीच नाही. लहान मुलीच्या अंथरुणात नको. ओरखडा आला किंवा चावली तर साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धरा आणि आपल्या डॉक्टरांना दाखवा. अण्णांकडे वळून त्यांनी खास सांगितलं की साखर असलेल्या माणसाच्या कातडीला साधं इन्फेक्शनही महागात पडतं, तेव्हा हा नियम तुमच्यासाठी सगळ्यात आधी.

अण्णांनी मान डोलावली. पापडीने डोलावली नाही.

पहिल्या रात्रीपासून तिने जुनी जागा पकडली. अण्णांची खोली म्हणजे एक खिडकी, एक पलंग, एका भिंतीला कपाट, दुसरीकडे दार. पलंग फिरवायला जागाच नाही. उशी खिडकीच्या बाजूला, आणि पापडीला खिडकी हवी. अण्णा तिला उचलून पायाशी ठेवायचे, ती चालत परत उशाला. डॉक्टर म्हणाल्या होत्या, ओरडू नका, मारू नका, तिला आवडेल अशी जागा द्या आणि दरवेळी तिथेच नेऊन ठेवा. अण्णांनी पायथ्याशी मऊ गोधडी घातली, तिच्यावर चिमूटभर सुका जवळा ठेवला. पापडी जवळा खायची आणि खिडकीकडे निघायची. मी एक दिवस बघितलं, दोन दिवस बघितलं, आणि मग सांगितलं की आता खोलीचं दार लावून घ्यायचं, मांजर बाहेर. मला त्यांच्या मानेची भीती वाटत होती. पापडी बाहेरून दार खरवडत राहिली, आत अण्णा जागे. सकाळी त्यांनी चहा कपाऐवजी बशीतच ओतला. दिपेश माझ्याकडे बघत राहिला. मी चहाचं भांडं घासायला नेलं तरी त्याची नजर माझ्यावरच होती.

चहा पिऊन अण्णा म्हणाले की आज रात्री एकदाच दार उघडं ठेव, मी नियम मोडणार नाही. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपेश त्यांना उठवायला गेला आणि दारातच किंचाळला. मी हातातलं लाटणं घेऊनच धावले. अण्णा पलंगावर उलटे झोपले होते. डोकं दाराकडे, पाय खिडकीकडे, म्हणजे डोकं उत्तरेला आणि पाय दक्षिणेला. आमच्यात माणूस गेल्यावरच त्याला असं निजवतात. सासूबाईंना बाहेरच्या खोलीत असंच ठेवलं होतं. गुहागरला तर कुणी चुकून असं आडवं झालं तरी म्हातारी माणसं हाताला धरून उठवतात. मी पुढे झाले. खिडकीशी गोधडीवर पापडी मुटकुळं करून पडली होती, अण्णांच्या घोट्यावर हनुवटी टेकून. आणि अण्णा घोरत होते.

आमच्या आवाजाने ते जागे झाले. दिपेशचा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं, आणि त्यांनी हसून त्याचा हात धरला. रात्रभरात तीनदा ती वर आली होती, तीनदा त्यांनी तिला खिडकीशी नेऊन ठेवलं, मग ती तिथेच राहिली. तिला खिडकी हवी होती, डॉक्टरांना त्यांचं तोंड लांब हवं होतं, मग हलायचं कुणी? दिपेश मात्र ऐकेना. त्याने शकुन-अपशकुन कधी मानला नव्हता, पण त्या सकाळी मानला. म्हणाला, काही झालं तरी उत्तरेला डोकं नाही, आत्याला कळलं तर ती काय म्हणेल, हवं तर भिंत फोडून पलंग फिरवू. शेवटी त्याने माझ्याकडे बघितलं. घरातले नियम मी करते, हे त्यालाही माहीत होतं.

अण्णा उठून बसले. मानेवर, जिथे कडं होतं तिथे, त्यांनी हात फिरवला.

"दिपू, तुझ्या आईला मीच उत्तरेला डोकं करून ठेवलं होतं. मला माहिती आहे ते कशाला करतात," ते म्हणाले. "पण ती गेल्यापासून दक्षिणेला डोकं करून मी नुसता जागा पडलोय रे. मेल्यासारखाच. आज झोपलो."

दिपेश पलंगाच्या कडेला बसला. ज्या माणसाने माझ्या पोरीला वाढवलं, माझा राग मुकाट्याने सोसला, गुडघ्यावर बसून माझं घर पुसलं आणि माझा नियम पाळण्यासाठी आपली मरणाची दिशासुद्धा मानली नाही, त्याच्यासाठी माझ्याकडे त्या वेळी फक्त दोन रिकामे हात होते. लाटणं कधीच खाली पडलं होतं. मी पलीकडे गेले, खिडकीच्या बाजूला ठेवलेलं त्यांचं तांब्या-भांडं, चष्मा आणि साखरेच्या आजाराच्या गोळ्यांची डबी उचलली, आणि सगळं आणून उत्तरेकडच्या उशाशी नीट लावून ठेवलं.